परदेशात कार्ड वापरलं, बिलात रुपये वेगळेच आले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात माझं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी संपली की दोन-तीन आठवड्यांनी लोक क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटचे फोटो पाठवायला लागतात. घोडबंदर रोडवरून, ऐरोलीहून, खारघरहून, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "ताई, एवढे रुपये कसे झाले?" त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणांतले विनिमय दर हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत, आजचे बाजारातले नाहीत.

१. हॉटेलचं बिल भरल्यावर मोबाइलवर एका रकमेचा मेसेज आला, स्टेटमेंटमध्ये दुसरीच रक्कम आहे. खरी कुठली?

स्टेटमेंटमधली. कार्ड मशीनला लावलं त्या क्षणी बँकेने फक्त मंजुरी दिलेली असते. तेवढी रक्कम तुमच्या लिमिटमधून बाजूला ठेवली जाते आणि त्या वेळच्या दराने काढलेला अंदाज मेसेजमध्ये येतो. पैशांचा खरा व्यवहार त्यानंतर होतो. दुकानदार दिवसभराचे व्यवहार आपल्या बँकेकडे पाठवतो, ती बँक व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्ककडे पाठवते, नेटवर्क परकी रक्कम रुपयांत बदलून तुमच्या बँकेकडे धाडतं आणि मग तुमची बँक ती खात्यावर चढवते. याला एक दिवस लागू शकतो, कधी चार-पाच दिवसही. हॉटेल आणि गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या बाबतीत त्याहूनही उशीर झालेला मी पाहिला आहे.

मेसेजमधल्या रकमेत बहुतेक वेळा मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी धरलेला नसतो. म्हणजे तारीख बदलली नाही तरी बिलाची रक्कम मेसेजपेक्षा जास्तच निघते.

२. फॉरेक्स मार्कअप म्हणजे काय? आणि त्यावर जीएसटी कशासाठी?

परकी चलनातला व्यवहार पार पाडून देण्याबद्दल तुमची बँक जे शुल्क घेते ते मार्कअप. आपल्याकडच्या साध्या कार्डांवर ते बऱ्याचदा ३.५ टक्के असतं, वरच्या दर्जाच्या कार्डांवर २ टक्क्यांच्या आसपास, आणि काही कार्डांवर शून्य. तुमच्या कार्डाचा आकडा बँकेच्या महत्त्वाच्या अटींच्या पत्रकात, म्हणजे एमआयटीसीमध्ये, लिहिलेला असतो. कार्ड विकणाऱ्या माणसाने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, ते पत्रक उघडून बघा.

मार्कअप ही बँकेची सेवा असल्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. जीएसटी तुमच्या हॉटेलच्या रकमेवर लागत नाही, फक्त मार्कअपच्या रकमेवर लागतो. ३.५ च्या १८ टक्के म्हणजे ०.६३, म्हणून एकूण भार ४.१३ टक्के. २ टक्के मार्कअप असेल तर २.३६ टक्के.

३. "बिलिंग डेटचा दर लागेल" असं कस्टमर केअरने सांगितलं. म्हणजे माझं बिल दर महिन्याच्या १२ तारखेला बनतं, त्या दिवशीचा दर का?

नाही. हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा दूर केला असेल. वाशीच्या एका गृहस्थांनी तर बिल बनायच्या आदल्या रात्री डॉलर खाली यावा म्हणून वाट पाहिली होती.

इथे बिलिंग म्हणजे तो एक व्यवहार तुमच्या खात्यावर लावला जाणं. प्रत्येक व्यवहाराला त्याचा स्वतःचा दर लागतो, आणि तो दर नेटवर्कने तो व्यवहार हाताळला त्या दिवसाचा असतो. एकाच स्टेटमेंटमध्ये पाच दिवसांची खरेदी असेल तर पाच वेगवेगळे दर दिसू शकतात. कार्डाच्या नेटवर्कप्रमाणे काही व्यवहारांना मंजुरीच्या दिवसाचाच दर लागलेलाही दिसतो. पण स्टेटमेंट बनायची तारीख आणि पैसे भरायची शेवटची तारीख, या दोघींचा दराशी काही संबंध नसतो.

स्टेटमेंटच्या तारखेने फक्त एवढंच ठरतं की व्यवहार या महिन्याच्या बिलात जाईल की पुढच्या. १० तारखेला केलेली खरेदी १४ तारखेला खात्यावर चढली, तर १२ तारखेच्या बिलात ती नसेल. ती विसरली गेली असं समजू नका, पुढच्या बिलात येईल.

४. एक पूर्ण हिशेब करून दाखवाल का?

वसंत विहारचं एक जोडपं सिंगापूरला गेलं होतं. हॉटेलचं बिल ६०० सिंगापूर डॉलर, शुक्रवारी रात्री कार्डाने भरलं. मार्कअप ३.५ टक्के. त्यांनी स्टेटमेंटचा कागद माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा तीन ओळींभोवती लाल पेनाने गोल काढलेले होते. एक मोठी रक्कम, तिच्याखाली एक मधली, आणि सगळ्यात खाली अडीचशेच्या आतली एक बारीकशी.

शुक्रवारी गूगलवर दर होता ६५.००. त्या दराने हॉटेलचे ३९,००० रुपये होतात, आणि काकांच्या डोक्यात तोच आकडा बसला होता. नेटवर्कचा त्या दिवसाचा दर होता ६५.२०, म्हणून मोबाइलवर मेसेज आला ३९,१२० चा. मध्ये शनिवार-रविवार गेला. हॉटेलने व्यवहार पुढे पाठवला, आणि मंगळवारी नेटवर्कने तो हाताळला तेव्हा दर ६५.८० झाला होता.

६०० गुणिले ६५.८० म्हणजे ३९,४८०. स्टेटमेंटची पहिली ओळ ही. मार्कअप लागतो तो या ३९,४८० वर, मेसेजमधल्या ३९,१२० वर नाही. त्याचे ३.५ टक्के म्हणजे १,३८१.८० रुपये, ही दुसरी ओळ. त्यावर १८ टक्के जीएसटी २४८.७२, ही तिसरी. एकूण ४१,११०.५२ रुपये. ६०० ने भागलं तर एक सिंगापूर डॉलर काकांना साधारण ६८.५२ ला पडला.

डोक्यातल्या ३९,००० पेक्षा हे २,११०.५२ जास्त. त्यातले १२० गूगल आणि नेटवर्क यांच्या दरातल्या फरकाचे, ३६० शुक्रवार ते मंगळवार रुपया घसरला त्याचे, आणि उरलेले १,६३०.५२ मार्कअप व जीएसटीचे. काकांचा सगळा राग "चार दिवस उशीर केला" यावर होता. कागदावर मांडल्यावर दिसलं की उशिराचे ३६० होते आणि शुल्काचे त्याच्या साडेचारपट.

स्वतःचा हिशेब एक्सेलमध्ये करायचा असेल तर A1 मध्ये परकी रक्कम, B1 मध्ये लागलेला दर आणि C1 मध्ये मार्कअप टक्क्याच्या चिन्हासह, म्हणजे 3.5% असा, लिहा:

```
=A1*B1*(1+C1*1.18)
```

५. दर आणि शुल्क एकत्र कसे वाढतात? दर खाली आला असता तर शुल्कही कमी झालं असतं का?

हो. मार्कअप टक्क्यांत आहे आणि रुपयांत बदलून झालेल्या रकमेवर लागतो. त्यामुळे दर वर गेला की त्याच्याबरोबर मार्कअप वाढतो, आणि मार्कअप वाढला की जीएसटी. दर उतरला की तिन्ही उतरतात.

वरच्याच उदाहरणात मंगळवारचा दर ६४.६० असता तर पहिली ओळ ३८,७६० झाली असती, मार्कअप १,३५६.६०, जीएसटी २४४.१९ आणि एकूण ४०,३६०.७९. दोन दरांमुळे मूळ रकमेत ७२० रुपयांचा फरक पडतो, शेवटच्या आकड्यात ७४९.७३ चा. वरचे २९.७३ हे त्या ७२० वरचं शुल्क. म्हणजे दरातल्या चढउतारावरही तुम्ही ४.१३ टक्के भरता.

चार-पाच दिवसांत दर कुठे जाईल हे कोणालाच आधी सांगता येत नाही, आणि कधी तो तुमच्या बाजूनेही जातो. मार्कअप मात्र निघण्याआधीच ठाऊक असतो. म्हणून प्रवासाचं बजेट करताना मी त्या दिवसाच्या नेटवर्क दरावर ४.१३ टक्के धरते आणि तारखेच्या फरकासाठी वर आणखी १ ते २ टक्के सोडते.

६. माझ्या व्यवहाराला नक्की कुठला दर लागला हे स्टेटमेंटवरून कसं ओळखायचं?

व्यवहाराच्या ओळीतले रुपये परकी रकमेने भागा. येणारा आकडा तुमचा दर.

मग व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या वेबसाइटवर चलन बदलून दाखवणारा कॅल्क्युलेटर आहे तो उघडा. त्यात बँकेच्या शुल्काचा रकाना असतो, तिथे ० भरा, नाहीतर आकडा फुगलेला येईल. खरेदीच्या तारखेपासून सुरुवात करून एकेक दिवस पुढे जा. कुठल्या तरी दिवशी तुमचा दर जुळेल, तीच दराची तारीख. स्टेटमेंटच्या तारखेच्या रकान्यावर विसंबू नका, कारण बऱ्याच बँका तिथे खरेदीची तारीख छापतात, व्यवहार खात्यावर चढला ती नाही.

कुठल्याच दिवसाशी जुळत नसेल तर आधी एक शक्यता तपासा. काही बँका मार्कअप वेगळ्या ओळीत दाखवत नाहीत, व्यवहाराच्या रकमेतच मिसळतात. प्रश्न ४ मधल्या व्यवहारात तसं केलं असतं तर भागाकार ६५.८० ऐवजी ६८.१० आला असता. तुमचा आकडा १.०३५ ने भागून पुन्हा जुळवून बघा. चलन डॉलर सोडून दुसरं असेल तर प्रश्न १२ ही पाहा.

मार्कअपची आणि जीएसटीची ओळ व्यवहाराला चिकटूनच असेल असं नाही. ती एक-दोन दिवसांनी चढते, आणि मध्ये बिल बनलं तर पुढच्या महिन्यात जाते. जीएसटी काही स्टेटमेंटवर `IGST` म्हणून १८ टक्के दिसतो, काहींवर `CGST` आणि `SGST` असा ९-९. रक्कम तीच असते.

७. गूगलवर दिसतो तो दर बँक का देत नाही?

गूगलवरचा दर हा मोठ्या बँकांच्या आपापसातल्या खरेदी आणि विक्रीच्या दरांचा मध्य असतो. त्या दराने कुणा ग्राहकाला चलन मिळत नाही. नेटवर्कचा दर त्याहून थोडा महाग असतो, प्रमुख चलनांत सहसा एका टक्क्याच्या आतच. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा शुक्रवारच्या आधारावरचा दर पुढे चालतो.

८. दुकानातल्या मशीनवर "रुपयांत भरायचं की तिथल्या चलनात?" असं विचारलं. रुपये निवडले की दराची कटकट मिटते ना?

तारखेची कटकट मिटते, हे खरं. रुपये निवडलेत की रक्कम तिथेच पक्की होते आणि चार दिवसांनी बदलत नाही. पण तो दर नेटवर्कचा नसतो. दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी तो ठरवते आणि स्वतःचा नफा त्यात आधीच मिळवते.

वरच्या जोडप्याला चेकआउटच्या वेळी मशीनने ६०० सिंगापूर डॉलरचे ४१,४०० रुपये दाखवले असते तर? बऱ्याच बँका परदेशी दुकानातल्या रुपयांच्या व्यवहारावरही शुल्क घेतात. ते १ टक्का धरलं तर जीएसटीसह १.१८ टक्के, आणि एकूण ४१,८८८.५२. तिथल्या चलनात भरून ४१,११०.५२ लागले होते. म्हणजे आकडा पक्का करण्याची किंमत ७७८ रुपये. २ टक्के मार्कअपचं कार्ड असतं तर सिंगापूर डॉलरमध्ये भरून ४०,४११.७३ च लागले असते, तेव्हा फरक जवळपास दीड हजारांचा.

त्यामुळे मशीनवर स्थानिक चलनच निवडा. कधी कधी काउंटरवरचा माणूस स्वतःच रुपयांचं बटण दाबून मशीन पुढे करतो. पिन टाकण्याआधी पडद्यावर कुठल्या चलनाचं चिन्ह आहे ते बघा, आणि रुपये दिसले तर तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. निवड करण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे, नेटवर्कचे नियमच तसे आहेत. विचारलंच नाही असं झालं तर पावती जपून ठेवा. त्यावर वापरलेला दर छापलेला असतो आणि बँकेकडे तक्रार करताना तोच कागद लागतो.

९. हॉटेलने चेक-इनला २०० डॉलर डिपॉझिट घेतलं आणि परत केलं. त्यावर मार्कअप कसा लागला?

डिपॉझिट दोन तऱ्हेने घेतलं जातं. एकात हॉटेल फक्त रक्कम अडवून ठेवतं. चेकआउटला ती सुटते, खात्यावर काहीच चढत नाही, त्यामुळे दर नाही आणि मार्कअपही नाही. ॲपमध्ये ती काही दिवस अडकलेली दिसेल, एवढंच.

दुसऱ्या तऱ्हेत हॉटेल खरोखरची विक्री करतं आणि नंतर रिफंड देतं. तेव्हा जाताना एक दर आणि मार्कअप, येताना दुसरा दर. रिफंडचं गणित प्रश्न १० मध्ये आहे. माझ्याच बाबतीत एका हॉटेलने असं केलं होतं आणि मी पावती न वाचता सही केली. तेव्हापासून मी काउंटरवर एकच प्रश्न विचारते: रक्कम ब्लॉक करताय की चार्ज? चार्ज म्हणाले तर डिपॉझिट रोख घ्या म्हणून सांगते.

१०. रिफंड आला पण कमी रुपये आले. दुकानदाराने तर पूर्ण रक्कम परत केली म्हणतो.

तो खरं सांगतोय. त्याने परकी चलनात पूर्ण रक्कम परत केली. रुपयांत बदलताना मात्र रिफंडच्या दिवसाचा दर लागतो, खरेदीच्या दिवसाचा नाही. आणि मार्कअप व जीएसटी बहुतेक बँका परत करत नाहीत.

त्याच हॉटेलने दोन आठवड्यांनी ६०० पैकी २०० सिंगापूर डॉलर परत केले आणि तेव्हा दर ६४.९० होता असं धरू. जमा झाले १२,९८०. हे २०० डॉलर खरेदीच्या वेळी ६५.८० ने १३,१६० ला गेले होते, वर त्यांचा मार्कअप आणि जीएसटी ५४३.५१. म्हणजे एकूण ७२३.५१ चा खड्डा: १८० दराचे, बाकीचे शुल्काचे. रुपया मधल्या काळात घसरला असता तर दराच्या बाजूने थोडा फायदाही झाला असता. शुल्काची बाजू मात्र गेलेलीच.

म्हणून ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे दोन साइज मागवून एक परत करायची सवय परकी चलनात महागात पडते. चुकून दोनदा पैसे कापले गेले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे दुकानदाराला मूळ व्यवहारच रद्द करायला सांगा. तो खात्यावर चढण्याआधी रद्द झाला तर वर सांगितलेलं काहीच लागत नाही.

११. डॉलर वाढायच्या आत कार्डात पैसे भरून ठेवले तर जुना दर मिळेल का?

नाही मिळणार. तुम्ही भरलेले रुपये रुपयेच राहतात, खात्यात जमा दिसतात एवढंच. व्यवहार खात्यावर चढेल तेव्हा त्या दिवसाच्या दराने त्यातून वजा होईल. दर आधी बांधून ठेवायचा असेल तर फॉरेक्स कार्ड हा मार्ग आहे, तिथे पैसे भरता त्या दिवशीचा दर पक्का होतो. फक्त ज्या चलनात भरलंय त्याच चलनात ते वापरा, दुसऱ्या चलनात वापरलंत की तिथेही चलन बदलण्याचं शुल्क लागतं.

१२. थायलंडमध्ये बाथमध्ये पैसे दिले, स्टेटमेंटवर अमेरिकन डॉलर लिहिलेत. चूक झाली का?

चूक नाही. काही कार्डांवर अमेरिकन डॉलर सोडून कुठलंही चलन आधी डॉलरमध्ये आणि मग डॉलरमधून रुपयांत बदललं जातं. तुमच्या कार्डाच्या अटींत तसं वाक्य असेल. अशा वेळी दोन दरांचा फरक आत शिरतो आणि थेट बाथ ते रुपये असा दर कॅल्क्युलेटरशी तंतोतंत जुळत नाही. पडताळा करायचा तर स्टेटमेंटवरची डॉलरची रक्कम धरून रुपयांना भागा. मार्कअप साधारणपणे शेवटच्या रुपयांच्या रकमेवर एकदाच लागायला हवा. दोन वेळा दिसला तर प्रश्न १७ पाहा.

१३. मी खारघरला घरीच बसून सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन भरते. परदेशात गेलेच नाही, तरी फी का? एका साइटने तर रुपयांतच किंमत दाखवली होती.

कार्ड कुठे बसून वापरलं याने फरक पडत नाही. चलन परकं असेल तर मार्कअप लागतो. आणि चलन रुपये असूनही दुकानदाराची नोंदणी भारताबाहेरची असेल तर प्रश्न ८ मध्ये सांगितलेलं परदेशी व्यवहाराचं शुल्क लागू शकतं. वेबसाइट मराठीत आहे, भाव रुपयांत आहे, यावरून दुकानदार कुठला ते कळत नाही. पहिल्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये दुकानाच्या नावापुढे कुठला देश छापलाय ते बघा.

डॉलरमधलं सबस्क्रिप्शन दर महिन्याला वेगळ्या रुपयांत येतं, कारण प्रत्येक महिन्याच्या व्यवहाराला त्या-त्या दिवसाचा दर लागतो.

ऐरोलीच्या एका मुलाने दोन जीएसटी लागले म्हणून तक्रार केली होती. ते दोन वेगळे आहेत. परदेशी कंपनी भारतातल्या ग्राहकाला डिजिटल सेवा विकते तेव्हा तिच्या बिलात सेवेवर १८ टक्के जीएसटी असतो. बँकेचा जीएसटी मार्कअपवरचा. सेवेवरच्या जीएसटीमुळे डॉलरची रक्कमच वाढते, आणि त्या वाढलेल्या रकमेवर मार्कअप लागतो. तुमचा स्वतःचा जीएसटी नंबर असेल तर तो त्या कंपनीच्या खात्यात नोंदवा. मग सेवेवरचा कर रिव्हर्स चार्जने तुम्हाला भरावा लागतो, कंपनी तो लावत नाही, आणि त्यावर मार्कअपही जात नाही.

१४. शून्य मार्कअपचं कार्ड घेतलं तर गूगलचाच दर मिळतो का?

नेटवर्कचा दर मिळतो, गूगलचा नाही, आणि तारखेचा फरक तसाच राहतो. प्रश्न ४ मधले १२० आणि ३६० रुपये शून्य मार्कअपच्या कार्डावरही गेलेच असते. वाचले असते ते १,६३०.५२.

अशा कार्डाला वार्षिक फी असेल तर ती वसूल होते का ते बघा. फी १,००० रुपये, म्हणजे जीएसटीसह १,१८० असेल, तर ४.१३ टक्क्यांच्या कार्डाच्या तुलनेत वर्षाला साधारण २८,६०० रुपयांच्या परकी खर्चावर बरोबरी होते. वर्षातून एखादं पुस्तक परदेशातून मागवणाऱ्याला त्याची गरज नाही. मुलगा बाहेर शिकत असेल तर नक्की घ्या.

१५. परदेशात एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढली तर?

मार्कअप आणि जीएसटी तर लागतोच, शिवाय रोख काढण्याचं वेगळं शुल्क, आणि पैसे काढले त्या दिवसापासून व्याज. बिल वेळेत भरलं तरी ते व्याज टळत नाही. अडीअडचणीशिवाय काढू नका.

१६. क्रेडिट कार्डावर टीसीएस, म्हणजे परदेशी खर्चावर आगाऊ गोळा केला जाणारा कर, तोही कापतात का?

परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च टीसीएसमध्ये धरायचा निर्णय सरकारने जून २०२३ मध्ये पुढे ढकलला, आणि तेव्हापासून त्यावर टीसीएस कापला जात नाही. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे मात्र परदेशी पाठवणीत मोजले जातात. अशा पाठवणीवरची टीसीएसमुक्त मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपये आहे, आणि त्यापुढच्या रकमेवर टीसीएस लागतो.

१७. भागाकार केला, कॅल्क्युलेटर पाहिला, तरी दर जुळत नाही. बँकेला काय लिहू?

"जास्त पैसे कापले" एवढंच लिहिलंत तर "अटींनुसार आकारलं आहे" असं छापील उत्तर येतं. त्यापेक्षा चार गोष्टी विचारा: या व्यवहारावर नेटवर्ककडून रुपयांत किती रक्कम आली, ती कुठल्या तारखेच्या दराने, मार्कअप किती टक्के लावला, आणि तो कुठल्या रकमेवर. सोबत तुमचा भागाकार आणि कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट जोडा. दुकानाची पावती असेल तर तीही.

हे पत्र कस्टमर केअरच्या फोनवर सांगू नका, ईमेलने पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. एकदा एका बँकेने एका व्यवहारावर मार्कअप दोनदा लावलेला होता, एकदा रकमेत मिसळून आणि एकदा वेगळ्या ओळीत. भागाकार नेटवर्कच्या दरापेक्षा बराच वर येत होता आणि खाली पुन्हा मार्कअपची ओळ होती, त्यावरूनच ते सापडलं. लेखी विचारल्यावर अकराव्या दिवशी पैसे परत आले.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. त्यासाठी फी नाही. बँकेला पाठवलेला ईमेल आणि तिचा तक्रार क्रमांक तिथे लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून तो जपून ठेवा.